‘त्यो कुठला वो?’ : सूचनेतल्या ‘तो’, ‘ते’, ‘त्यामुळे’ने होणारा घोटाळा आणि दुरुस्ती

ठिबकचे संच बसवणं हा माझा धंदा. उचगाव, कडोली, खानापूरकडची काही गावं, कधी हुक्केरीपर्यंत. संच बसवून झाला की फिल्टर कसा धुवायचा याचा एक कागद लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पंपघरात टांगतो. तरी पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की फोन सुरू होतात, आणि प्रश्न एकच असतो: “तुम्ही लिवलंय ‘तो उघडा’. त्यो कुठला वो?”

बरीच वर्षं मला वाटायचं की माणसं कागद वाचतच नाहीत. मग एकदा एका शेतात ठिबकच्या नळ्या चोंदल्या आणि मी माझाच कागद हातात घेऊन पंपघरात उभा राहिलो, तेव्हा समजलं की तो कागद वाचून कुणालाही तेच करावं लागलं असतं जे तिथल्या माणसानं केलं. हाच त्रास ज्यांना होतो त्यांच्यासाठी ही दुरुस्ती लिहितोय. तुमची सूचना फिल्टरची असेल, दूध डेअरीच्या यंत्राची असेल किंवा भावकीतल्या सामाईक बोअरची, दुखणं एकच असतं.

बिघडलेला कागद

माझ्या जुन्या कागदावर हे होतं:

> दाब वाढलेला दिसला की आधी तो उघडा आणि हा बंद करा. मग खालचा उघडून वरचा बंद करा. ते स्वच्छ आलं की तसंच उलट करा. त्यामुळे ते चोंदत नाहीत. हे आठवड्यातून एकदा तरी करा.

लिहिताना मी फिल्टरसमोर उभा होतो आणि प्रत्येक ‘तो’बरोबर माझं बोट एकेका वॉलवर जात होतं. कागदावर ‘तो’ उतरला, बोट उतरलं नाही.

पुढचं समजायला फिल्टरची रचना थोडक्यात सांगतो. लोखंडी टाकीत वाळू असते. नदीचं पाणी वरून आत येतं, वाळूतून खाली झिरपतं आणि खालून शेताकडे जातं. वाळू धुवायची तर पाण्याची दिशा उलटी करायची: पाणी खालून आत सोडायचं, म्हणजे वाळू सैल होते आणि अडकलेला गाळ वरच्या पाइपानं बाहेर पडतो. यासाठी टाकीला चार वॉल असतात. (पुस्तकात व्हॉल्व्ह, शिवारात वॉल.) वर दोन: पाणी आत घेणारा आणि गाळ बाहेर सोडणारा. खाली दोन: शेताकडे पाणी देणारा आणि धुण्यासाठी खालून पाणी आत सोडणारा.

म्हणजे ‘खालचा’ म्हटलं तर दोन आहेत आणि ‘वरचा’ म्हटलं तरी दोनच. ‘तो’ आणि ‘हा’ तर चारांपैकी कुठलेही.

नेमकं काय झालं

मार्कंडेय नदीवरून पाणी उचलणारं ते शेत, कोबी आणि मिरचीचं. मालक त्या दिवशी बेळगावच्या मार्केटला गेले होते. पंपावरचा माणूस सौंदत्तीकडचा, घरची भाषा कन्नड, मराठी बोलणं समजतं पण वाचता येत नाही. म्हणून मालकांचा पुतण्या कागद वाचून कन्नडमध्ये सांगत होता: “अदु तेगी, इदु मुच्चु.” ते उघड, हे बंद कर.

पहिला ‘तो’ त्या माणसानं बरोबर ओळखला आणि गाळाचा वॉल उघडला. ‘हा’ म्हणजे शेताकडचा वॉल, असं माझ्या मनात होतं. त्यानं हाताजवळचा, म्हणजे पाणी आत घेणारा वॉल बंद केला. पंपाला वाट उरली नाही आणि पाइप थरथरायला लागले. घाबरून त्यानं पुढची ओळ घाईनं उरकली: ‘खालचा उघडा’. शेताकडचा आधीच उघडा होता, म्हणून त्यानं खालचा दुसरा उघडला. ‘वरचा बंद करा’. आत घेणारा आधीच बंद होता, म्हणून गाळाचा बंद केला.

आता चित्र बघा. पाणी खालून आत येतंय आणि खालूनच शेताकडे निघून जातंय. वाळूला पाण्याचा स्पर्शसुद्धा नाही. आणि गंमत अशी की फिल्टरच्या आधीचा गेज आणि नंतरचा गेज जवळजवळ सारखाच दाब दाखवायला लागले. वाळू चोंदली की या दोन गेजांतला फरक वाढतो. पाणी वाळूतून जातच नसेल तर फरक कशाला राहील? गेज बघून सगळ्यांना वाटलं, फिल्टर झकास धुतला गेला.

वाळूच्या टाकीपुढे एक छोटा जाळीचा फिल्टर असतो. गढूळ पाणी थेट आल्यामुळे ही जाळी दर अर्ध्या तासाला चोंदायला लागली. दुसऱ्या दिवशी वैतागून त्या माणसानं जाळी काढूनच ठेवली. आठवड्याभरात नळ्यांवरचे थेंब सोडणारे ड्रिपर बंद. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं कागदातली एकही ओळ मोडली नव्हती.

कारण: लिंगावर ठेवलेला भरवसा

मराठी लिहिणाऱ्याला एक खोटी सुरक्षितता वाटते. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन रूपं आहेत, तेव्हा वाचणाऱ्याला नाम आपोआप कळेल, असं आपण धरून चालतो. ‘पंप चालू करून जाळी बसवा आणि ती घट्ट करा’ या वाक्यात ती म्हणजे जाळीच, पंप नव्हे. इथपर्यंत ठीक. पण हा आधार तीन ठिकाणी सुटतो.

पहिलं ठिकाण म्हणजे ‘ते’. ते पाणी (एक, नपुंसक), ते ड्रिपर (अनेक, पुल्लिंगी), आणि ते म्हणजे मालक (आदरार्थी). माझ्या कागदात ‘ते स्वच्छ आलं’मधलं ते पाणी होतं आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘ते चोंदत नाहीत’मधले ते ड्रिपर होते. क्रियापदावरून एकवचन-अनेकवचन कळतं हे खरं. पण कुठलं एक आणि कुठले अनेक, हे क्रियापद सांगत नाही. ‘ती’चंही तसंच: ती जाळी आणि ती गेजची नळकांडी, दोन्ही ‘ती’.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. त्यात, त्यावर, त्यातून, त्यामुळे, यासाठी या रूपांत लिंग आणि वचन दोन्ही पुसून जातात. टाकी असो, पाइप असो, पाणी असो, ‘त्यात गाळ राहिला’ असंच आपण लिहितो. टाकीत की पाइपात, हे शोधायला वाचणाऱ्याकडे काहीच उरत नाही.

तिसरं ठिकाण आपल्या भागाचं आहे, आणि पुण्यात बसून सूचना लिहिणाऱ्याच्या बहुधा लक्षात येणार नाही. कन्नडमध्ये वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं. माणसाला ‘अवनु’, ‘अवळु’. वस्तू कुठलीही असो, एक असेल तर ‘अदु’. माझ्या कागदातले ‘तो’, ‘ते’ पुतण्याच्या तोंडून बाहेर पडताना सगळे ‘अदु’ झाले. मराठी वाचणाऱ्यासाठी ठेवलेली खूण त्या एका अनुवादात नाहीशी झाली. इथं कागद वाचतो एक आणि वॉल फिरवतो दुसरा, हे रोजचंच आहे. त्यामुळे लिंगाच्या आधारावर लिहिलेली सूचना सीमाभागात अर्ध्या वाटेतच आंधळी होते. त्यात परत आपल्यातच मतभेद: गेजला कुणी ‘तो गेज’ म्हणतं, कुणी ‘ते गेज’. ज्या शब्दाच्या लिंगावर आपलंच एकमत नाही, त्याच्या सर्वनामावर दुसऱ्यानं काय म्हणून विसंबावं?

दुरुस्ती: आधी नाव, मग वाक्य

सर्वनामाच्या जागी नाम ठेवायचं तर आधी त्या वस्तूला नाव हवं. माझ्या चार वॉलना नावंच नव्हती, म्हणून तर मी ‘तो’ आणि ‘खालचा’ लिहीत होतो. आता नावं अशी ठेवली: गाळ वॉल, शेत वॉल, उलट वॉल, आवक वॉल. नाव ठेवताना वस्तू काय करते ते बघितलं, कुठं आहे ते नाही. कारण जागा ‘वरची’ किंवा ‘डावीकडची’ असते आणि उभं राहणाऱ्याची दिशा बदलली की डावं उजवं होतं.

नावाबरोबर आकडाही. तैलरंगानं वॉलवर इंग्रजी आकडे काढले, कारण मराठी आणि कन्नड आकडे वेगळे आणि मोबाइलवरचे आकडे सगळ्यांना येतात. पहिल्यांदा आकडे मी पाइपाच्या क्रमानं दिले, तर कागदावर ‘पायरी 1: वॉल 3 उघडा’ असं व्हायला लागलं. म्हणजे जुना गोंधळ काढून नवा घातला. मग आकडे कामाच्या क्रमानं दिले: गाळ 1, शेत 2, उलट 3, आवक 4.

आता एकेक सर्वनाम धरून विचारायचं: काय? कुठला? कशामुळे? उत्तर नामाच्या रूपात मिळालं की तेच तिथं लिहायचं.

‘दाब वाढलेला दिसला’ इथं सर्वनाम दिसत नाही, पण प्रश्न तोच: कुठल्या गेजवर? वाळू चोंदली की आधीच्या गेजवर दाब चढतो आणि नंतरच्या गेजवर उतरतो. ज्यानं नंतरचा गेज बघितला त्याला दाब वाढलेला कधीच दिसणार नाही. लिहायला हवं होतं ‘दोन गेजांतला फरक’.

‘तसंच उलट करा’. तसंच म्हणजे कसं? उघडलेले बंद आणि बंद केलेले उघडे, की शेवटच्या पायरीपासून मागं? दोन्ही हवं होतं. मी एकही सांगितलं नव्हतं.

‘हे आठवड्यातून एकदा तरी करा’. हे म्हणजे धुणं की गेज बघणं? गेज तर रोज बघायला हवा, आणि धुणं आठवड्याच्या हिशेबानं नाही, गेजच्या फरकावर ठरतं. इथं नाम शोधताना कळलं की वाक्यच चुकीचं आहे, म्हणून ते काढून टाकलं.

सगळ्यात जास्त वेळ ‘त्यामुळे’ने घेतला. ‘त्यामुळे ते चोंदत नाहीत.’ कशामुळे? मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि एक नाम सापडेना. धुण्यामुळे? वाळू नुसती धुतल्यानं ड्रिपर वाचतात असं नाही. क्रम चुकला तर धुतानाच ड्रिपर चोंदतात, हे आम्ही नुकतंच बघितलं होतं. खरं कारण असं: उलट वॉल उघडण्याआधी शेत वॉल बंद असेल तरच न गाळलेलं पाणी शेताकडे जात नाही. चार वॉलच्या क्रमाचं सगळं मर्म या एका वाक्यात आहे आणि ते माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. ‘त्यामुळे’ या शब्दानं ते भोक झाकलं होतं, वाचणाऱ्यापासून आणि माझ्यापासूनही. म्हणून एखाद्या ‘त्यामुळे’ला किंवा ‘यासाठी’ला नाम सापडत नसेल तर शब्दाशी झटापट करू नका, लिहायची राहिलेली गोष्ट शोधा.

दुरुस्त झालेला कागद

> रोज दोन्ही गेज बघा. फिल्टरआधीचा गेज आणि फिल्टरनंतरचा गेज यांच्यात 0.5 किलोपेक्षा जास्त फरक दिसला की वाळू धुवा. पंप चालूच ठेवा.
>
> गाळ वॉल (1) पूर्ण उघडा.
> शेत वॉल (2) पूर्ण बंद करा. शेत वॉल उघडा राहिला तर पुढच्या पायरीत गढूळ पाणी ड्रिपरमध्ये जाईल.
> उलट वॉल (3) हळूहळू उघडा.
> आवक वॉल (4) बंद करा.
>
> गाळ पाइपाचं पाणी बाटलीत धरून बघा. गाळ पाइपातून वाळू यायला लागली तर उलट वॉल (3) थोडा बंद करा. गाळ पाइपाचं पाणी नितळ आलं की मागं या: आवक वॉल (4) उघडा, उलट वॉल (3) बंद करा, शेत वॉल (2) उघडा, गाळ वॉल (1) बंद करा.

या क्रमात कुठल्याही क्षणी पंपाच्या पाण्याला एक तरी वाट मोकळी असते, त्यामुळे मघासारखे पाइप थरथरत नाहीत. कागद जुन्यापेक्षा बराच लांब झाला. ‘वॉल’ शब्द इतक्या वेळा आलाय की शाळेतल्या गुरुजींनी लाल शाईनं ‘पुनरुक्ती’ लिहिलं असतं. निबंधासाठी गुरुजींचं बरोबर होतं. पण तीच पुनरुक्ती टाळण्याच्या सवयीतून आणखी एक चूक होते: ‘वॉल’ दोनदा आला म्हणून तिसऱ्यांदा ‘चावी’, चौथ्यांदा ‘कॉक’ लिहायचं. वाचणारा मग चावी नावाची पाचवी वस्तू शोधत बसतो. सर्वनाम काढून समानार्थी शब्द घालणं म्हणजे एक काटा काढून दुसरा टोचणं. एका वस्तूला एकच नाव, कागदावरही आणि पाइपावरही.

सगळीच सर्वनामं काढायची का?

नाही. ‘गाळ वॉल उघडा आणि तो उघडाच ठेवा’ यात ‘तो’ला दुसरा दावेदारच नाही, नाम त्याच वाक्यात आहे, तिथं परत ‘गाळ वॉल’ लिहिलं तर वाचताना ठेच लागते. ‘ज्या वॉलवर 2 लिहिलंय तो बंद करा’ हेही चालतं, कारण ‘ज्या’नं ‘तो’ला बांधून ठेवलंय. मधला रस्ता बहुतेक वेळा पुरतो: सर्वनाम ठेवायचं पण त्यापुढे नाम जोडायचं. ‘यामुळे’ऐवजी ‘या फरकामुळे’, ‘त्यातून’ऐवजी ‘त्या पाइपातून’. मी वर याच लेखात कितीतरी ‘त्यानं’ लिहिलेत. गोष्ट सांगताना माणूस एकच असेल तर हरकत नाही.

माझा ढोबळ नियम असा: वाक्य ओलांडलं की नाम परत. पान ओलांडलं की नक्कीच. कागदाचा वरचा भाग उन्हानं आधी उडतो आणि मग उरलेला कागद ‘त्यानंतर तो…’पासून सुरू होतो.

माणसांच्या बाबतीत एक इशारा देऊन ठेवतो. सामाईक पंपाच्या पाळीपत्रकात एका भावानं लिहिलं होतं, ‘थोरल्यांनी धाकट्यांना सांगितलंय की उद्या त्यांनी आपला पंप चालू करू नये.’ आपला म्हणजे धाकट्यांचा स्वतःचा? थोरल्यांचा? की सगळ्यांचा सामाईक? व्याकरणाचा दाखला देत दोन दिवस वाद चालला. ‘विहिरीवरचा पंप’ म्हटलं असतं तर तो वाद झालाच नसता. आमच्याकडे ‘आपला’ फार प्रेमानं वापरतात, आणि पाळीपत्रकात प्रेम महागात पडतं.

तपासायचं कसं

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर लिहिलं असेल तर शोधाच्या खिडकीत आधी ‘त्या’ टाका. त्यात, त्यामुळे, त्यांचा, त्यावर सगळे एकदम सापडतात आणि सगळ्यात घातक तेच असतात. मग ‘या’ शोधा, पण आधी एक मोकळी जागा टाकून, नाहीतर ‘करूया’, ‘जाऊया’सुद्धा वर येतात. मग ‘ते’, शेवटी ‘तो’ आणि ‘ती’. ‘वरचा’, ‘खालचा’, ‘दुसरा’, ‘तसंच’ हेही यादीत घ्या. ही सर्वनामं नाहीत पण काम तेच बिघडवतात.

स्वतःचा कागद स्वतः वाचून काही सापडत नाही, कारण बोट अजून मनात असतं. मी आता दोन गोष्टी करतो. शेवटची ओळ आधी वाचतो, मग तिच्यावरची, असं खालून वर. प्रत्येक ओळ एकटी उभी राहते का ते दिसतं. आणि संच बसवून झाल्यावर पंपावरच्या माणसासमोर कागद दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावतो, शक्यतो कन्नडमध्ये सांगणाऱ्याला. पंप बंद ठेवून त्या माणसानं फक्त हात लावून दाखवायचं. मी तोंड उघडायचं नाही. जिथं त्याचा हात हवेत थांबतो, त्या ओळीत नाम कमी आहे.

त्या कोबीच्या शेतातले ड्रिपर आम्ही बरेचसे मोकळे केले, काही नळ्या बदलाव्या लागल्या. नवा कागद तिथंच पहिल्यांदा टांगला. पुढच्या पावसाळ्यात त्या पंपघरातून फोन आला. पुतण्या नव्हता, तो सौंदत्तीचाच माणूस, मोडक्या मराठीत: “अण्णा, उलट वॉल, तीन नंबर, गळायलाय.” मी तीन नंबरचा वायसर खिशात टाकून निघालो.